२२० वजा वय : हृदयविकाराच्या झटक्यानंतर हे सूत्र का चालत नाही

जिममधल्या ट्रेडमिलवर चिकटवलेला तक्ता बहुतेकांनी पाहिलेला असतो. आडव्या अक्षावर वय, उभ्या अक्षावर नाडीचे ठोके आणि मधून खाली उतरत जाणारे रंगीत पट्टे. या तक्त्यामागे एकच सूत्र असते.

```
कमाल हृदयगती = २२० − वय
```

५८ वर्षांच्या माणसासाठी उत्तर येते १६२. त्याच्या ७० ते ८५ टक्के म्हणजे मिनिटाला साधारण ११३ ते १३८ ठोके हा 'व्यायामाचा पट्टा'. आता हाच माणूस हृदयविकाराच्या झटक्यानंतर हृदय पुनर्वसन केंद्रात, म्हणजे रुग्णालयातल्या भाषेत कार्डिअक रिहॅबमध्ये, दाखल होतो. तिथे त्याच्या कार्डावर लिहिलेले असते : ठोके १०४ च्या वर जाऊ देऊ नयेत. रुग्णाचा मुलगा मोबाइलवर सूत्र काढून दाखवतो आणि विचारतो, की केंद्र उगाच घाबरत तर नाही ना?

प्रश्न रास्त आहे. 'काळजी म्हणून थोडे कमी ठेवले' हे त्याचे उत्तर नव्हे. १०४ हा १६२ मधून अंदाजाने कापून काढलेला आकडा नाही. तो वेगळ्या प्रश्नाचे उत्तर आहे. सूत्र विचारते, या वयाचे निरोगी हृदय जास्तीत जास्त किती वेगाने धावू शकते? पुनर्वसन केंद्र विचारते, या माणसाच्या हृदयात कोणत्या वेगाला बिघाड सुरू होतो? या टिपणात आपण सूत्राचे परीक्षण करू, मग एक रुग्ण घेऊन मर्यादा कशी ठरते ते पायरीपायरीने पाहू आणि शेवटी त्या मर्यादेच्याही मर्यादा तपासू.

सूत्राचा जन्म आणि त्याचा पसारा

'२२० वजा वय' हे सूत्र सहसा फॉक्स, नॉटन आणि हॅस्केल यांच्या १९७१ च्या लेखाशी जोडले जाते. त्या लेखात या सूत्रासाठी स्वतंत्र प्रयोग केलेला नव्हता. आधीच्या वेगवेगळ्या अभ्यासांतले आकडे एकत्र मांडले असता ते ज्या उतरत्या रेषेच्या आसपास पडले, तिचे हे सोपे रूप होते. रॉबर्ग्ज आणि लँडवेर यांनी २००२ मध्ये या सूत्राचा इतिहास तपासून हेच दाखवले.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला इथे पहिला प्रश्न सुचायला हवा : रेषा ठीक आहे, पण बिंदू तिच्यापासून किती दूर विखुरले आहेत? प्रमाणित विचलन साधारण १० ते १२ ठोके असते. १२ धरले तर ५८ वर्षांच्या शंभर निरोगी माणसांपैकी सुमारे पंचाण्णव जणांची खरी कमाल गती १३८ ते १८६ यांच्या दरम्यान कुठेही असेल. गटाचा सरासरी अंदाज म्हणून हे चालेल. एका माणसाची मर्यादा म्हणून ४८ ठोक्यांचा पसारा फार मोठा आहे.

यावर कुणी म्हणेल, जुने सूत्र सोडा आणि सुधारलेले घ्या. तनाका, मोनाहन आणि सील्स यांनी २००१ मध्ये साडेतीनशेच्या वर अभ्यास एकत्र करून सूत्र मांडले.

```
कमाल हृदयगती = २०८ − ०.७ × वय
```

संख्याशास्त्राच्या दृष्टीने हे अधिक भक्कम काम आहे. पण आपल्या ५८ वर्षांच्या रुग्णाला ते लावले तर उत्तर येते १६७. म्हणजे अधिक चांगल्या सूत्राने आपण केंद्राच्या १०४ पासून आणखी पाच ठोके दूर गेलो. कारण सोपे आहे. तनाका यांचे सूत्र निरोगी माणसांचे आहे आणि निरोगी माणसांसाठीच ते सुधारले आहे. मोजमाप कितीही काटेकोर झाले, तरी चुकीच्या गटावर केलेले मोजमाप आपल्या रुग्णाच्या कामाचे नसते.

ठोके खाली आणणारी दोन वेगळी कारणे

इथे दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या जातात. त्या वेगळ्या ठेवल्या तर पुढचे सगळे सोपे होते.

पहिले कारण औषधाचे. झटक्यानंतर अनेक रुग्णांना मेटोप्रोलॉल किंवा त्या गटातली दुसरी गोळी, म्हणजे बीटा-ब्लॉकर, सुरू असते. व्यायाम करताना ॲड्रिनॅलिन हृदयाला 'वेग वाढव' असा संदेश देते. ही गोळी तो संदेश स्वीकारणारी जागा अडवते. त्यामुळे विश्रांतीचे ठोके कमी होतातच, पण पूर्ण दमेपर्यंत चालल्यावर येणारी कमाल गती त्याहून जास्त घटते. अमेरिकेतल्या ब्रॉनर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये बीटा-ब्लॉकर घेणाऱ्या हृदयरुग्णांच्याच चाचण्या घेऊन सूत्र काढले.

```
कमाल हृदयगती = १६४ − ०.७ × वय
```

तनाका यांच्या सूत्राशी याची तुलना करा. उतार तोच, ०.७. फक्त रेषा ४४ ठोक्यांनी खाली सरकली आहे. आपल्या रुग्णासाठी उत्तर येते १२३. मग हेच वापरले तर? इथेही पसारा पाहायलाच हवा. या सूत्राची प्रमाणित त्रुटी १८ ठोके आहे. दोन्ही बाजूंना तिची दुप्पट धरली तर खरी कमाल गती ८७ ते १५९ यांच्या दरम्यान कुठेही असू शकते. योग्य गट निवडला, पण गोळी वेगळी, तिचा डोस वेगळा, हृदयाची उरलेली ताकद वेगळी, म्हणून अंदाज आणखी सैल झाला.

दुसरे कारण रक्तपुरवठ्याचे, आणि मर्यादा खऱ्या अर्थाने तेच ठरवते. शरीरातल्या बहुतेक स्नायूंना रक्त सतत मिळत राहते. डाव्या जवनिकेचे तसे नाही. ती आकुंचन पावते तेव्हा तिच्या भिंतीतल्या रक्तवाहिन्या स्वतःच दाबल्या जातात. तिला स्वतःला लागणारे बरेचसे रक्त दोन ठोक्यांच्या मधल्या सैलावलेल्या काळात, म्हणजे प्रसरणाच्या वेळी, मिळते. ठोके वाढले की नेमका हाच काळ आक्रसतो.

ढोबळ आकडे घेऊ. ६० ठोक्यांना एक आवर्तन १००० मिलिसेकंदांचे. त्यात आकुंचन साधारण ३५० आणि प्रसरण ६५०. म्हणजे मिनिटाभरात रक्त भरून घ्यायला ३९ सेकंद मिळाले. १२० ठोक्यांना आवर्तन ५०० मिलिसेकंदांचे होते, आकुंचन थोडेच घटून २५० वर येते आणि प्रसरणाला उरतात २५०. मिनिटाभरात ३० सेकंद. काम दुपटीहून अधिक वाढले आणि पुरवठ्याची वेळ जवळजवळ पावपटीने घटली. निरोगी धमनी रुंदावून ही कसर भरून काढते. जी धमनी आधीच अरुंद झाली आहे तिला ते जमत नाही. मग एका विशिष्ट वेगाच्या पुढे मागणी पुरवठ्याला मागे टाकते. या तुटीला इस्किमिया म्हणतात.

आता दोन्ही कारणांतला फरक लक्षात घ्या. औषध कमाल गती खाली आणते, म्हणजे हृदय किती धावू शकते ते बदलते. अरुंद धमनी कमाल गतीच्या आतच एक रेषा आखते, जिच्यापुढे हृदय धावू शकते पण त्याने धावू नये. वयाच्या सूत्रात पहिल्याचा हिशेब नाही आणि दुसऱ्याची तर कल्पनाही नाही.

एक रुग्ण, चार आकडे

पुढचे उदाहरण वर्गात समजावण्यासाठी रचलेले आहे. पण अशा चाचणीत दिसणाऱ्या गोष्टींना धरूनच त्यातले आकडे घेतले आहेत.

वय ५८, पुरुष. सहा आठवड्यांपूर्वी झटका आला. ज्या धमनीमुळे तो आला तीत स्टेंट बसवला. दुसऱ्या एका धमनीत मध्यम अडथळा आहे आणि त्यावर सध्या औषधेच पुरेशी आहेत असे हृदयरोगतज्ज्ञांनी ठरवले आहे. मेटोप्रोलॉल सुरू आहे. विश्रांतीची गती ६२.

पुनर्वसन सुरू करण्याआधी ट्रेडमिलवर ताणचाचणी होते. आपल्याकडे तिला टीएमटी म्हणतात. ब्रूस पद्धतीत दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ दोन्ही वाढतात. पहिला टप्पा ताशी २.७ किलोमीटर आणि १० टक्के चढ, दुसरा ४ किलोमीटर आणि १२ टक्के, तिसरा ५.५ किलोमीटर आणि १४ टक्के. रोजची गोळी रोजच्या वेळी घेऊनच रुग्ण चाचणीला आला आहे. पहिल्या टप्प्याच्या शेवटी ठोके ८८, दुसऱ्याच्या शेवटी १०४. तिसऱ्या टप्प्यात ११४ ठोक्यांना ईसीजीच्या आलेखातला एसटी हा भाग आधारपातळीच्या १ मिलिमीटर खाली उतरून आडवा झाला. छातीत दुखत नव्हते. १२४ ला पाय थकले म्हणून चाचणी थांबवली.

आता चार हिशेब करू. पहिल्या तीन ठिकाणी कार्व्होनेन यांची 'राखीव गती' ही कल्पना वापरू. फिनलंडच्या या संशोधकाचे काम १९५७ चे आहे. कमाल गतीतून विश्रांतीची गती वजा केली की राखीव गती मिळते. तिचा ठरावीक हिस्सा पुन्हा विश्रांतीच्या गतीत मिळवायचा. पुनर्वसनात हा हिस्सा सहसा ४० ते ८० टक्के असतो. वरच्या टोकासाठी आपण ८० टक्के घेऊ.

पहिला हिशेब जुन्या सूत्राचा. राखीव गती १६२ − ६२ = १००. वरचे टोक ६२ + ८० = १४२.

दुसरा बीटा-ब्लॉकरच्या सूत्राचा. १२३ − ६२ = ६१. वरचे टोक ६२ + ४९ = १११.

तिसरा मोजलेल्या कमाल गतीचा. १२४ − ६२ = ६२. वरचे टोक ६२ + ५० = ११२.

चौथा इस्किमियाच्या रेषेचा. ज्या ठोक्यांना आलेख बिघडला त्याच्या १० ठोके खाली राहायचे, असा पुनर्वसनातला रूढ नियम आहे. ११४ − १० = १०४.

या चारांतला सर्वांत लहान आकडा हीच मर्यादा, म्हणून कार्डावर १०४. आता १४२ कडे पुन्हा पाहा. या रुग्णाचे हृदय दमून थांबले तेव्हाही १२४ च्या पुढे गेले नव्हते. सूत्राने दिलेली 'सुरक्षित' मर्यादा त्याला गाठताच येणार नाही. ती गाठायचा प्रयत्न केला तर तो ११४ ची रेषा ओलांडेल आणि दुखत नसल्यामुळे त्याला ते कळणारही नाही. मधुमेह असलेल्या रुग्णांत अशी मुकी तूट विशेष आढळते. म्हणून 'छातीत दुखले की थांबा' ही सूचना आवश्यक असली, तरी ती एकटी पुरत नाही.

दुसऱ्या आणि तिसऱ्या हिशेबाची उत्तरे जवळजवळ सारखी आली, हे या रुग्णाच्या बाबतीत जुळून आले म्हणून. पसारा १८ ठोक्यांचा असताना तसे जुळेलच असे नाही. आणि दोन्ही उत्तरे १०४ च्या वर आहेत. म्हणजे कमाल गती अचूक मोजूनही चौथा प्रश्न विचारला नसता, तर रुग्ण ११२ वर, बिघाडाच्या रेषेपासून अवघ्या दोन ठोक्यांवर, चालत राहिला असता.

इस्किमिया अजिबात दिसला नसता तर? मग तिसरा हिशेब लागू पडला असता आणि मर्यादा ११२ राहिली असती. ती सूत्राच्या १४२ पेक्षा बरीच खाली आहे, पण त्याचे कारण फक्त औषध आहे. म्हणून एकाच औषधावरच्या, एकाच वयाच्या दोन रुग्णांच्या कार्डांवर वेगळे आकडे असू शकतात, आणि दोन्ही बरोबर असू शकतात.

हिशेब कुठे फसतो

पहिली गफलत चाचणीच्या दिवशी होते. टीएमटी कधी निदानासाठी करतात. तेव्हा बीटा-ब्लॉकर आधी थांबवलेले असू शकते, कारण दडलेली तूट उघडी करणे हाच उद्देश असतो. त्या चाचणीतली कमाल गती समजा १५० आली आणि तीच पुनर्वसनाच्या हिशेबात घेतली, तर आकडा मोजलेला असूनही चुकीचा ठरतो. रुग्ण रोज गोळी घेऊन चालणार असेल, तर चाचणीही गोळी घेऊनच हवी. अहवाल वाचताना पहिली नोंद हीच शोधावी. डोस बदलला तर जुना आकडा रद्द समजावा. डोस वाढवल्यावर रुग्ण तीच गती गाठण्यासाठी जिवाचा आटापिटा करू लागतो, हे त्याचे ओळखू येणारे लक्षण.

दुसरी गफलत मोजण्याची. मनगटावरचे घड्याळ त्वचेवर प्रकाश टाकून रक्ताचे स्पंदन टिपते. चालताना हात लयीत हलतो आणि कधी कधी घड्याळ नाडीऐवजी पावलांची लय पकडते. मिनिटाला ११० पावले पडत असतील आणि घड्याळही ठामपणे ११० दाखवत असेल, तर संशय घ्यावा. थांबून लगेच मनगटावर बोटे ठेवून १५ सेकंद ठोके मोजावेत आणि ४ ने गुणावे. इथे एक ठोका चुकला की उत्तर ४ ने चुकते, आणि थांबल्यानंतर वेळ दवडला तर ठोके उतरलेले असतात. ठोकेच अनियमित असतील, उदाहरणार्थ एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, तर एका आकड्याची मर्यादा फारशी उपयोगी राहत नाही.

तिसरी गोष्ट गफलत नाही, तर हृदयगती या मापाचीच उणीव आहे. हृदयावरचा भार फक्त ठोक्यांनी ठरत नाही, रक्तदाबानेही ठरतो. दोन्हींचा गुणाकार हे त्या भाराचे सोपे माप आहे. आपल्या रुग्णाचा आलेख ११४ ठोक्यांना बिघडला तेव्हा वरचा रक्तदाब १६० होता असे धरू. गुणाकार १८,२४०. आता हाच माणूस घरी पाण्याने भरलेली जड बादली श्वास रोखून उचलतो. ठोके ९६, पण रक्तदाब १९०. गुणाकार पुन्हा १८,२४०. कार्डावरची मर्यादा ओलांडली नाही, तरी हृदय त्याच रेषेवर येऊन उभे राहिले. १०४ हा आकडा चालण्यासाठी काढलेला आहे. तो वजन उचलण्याला जसाच्या तसा लावता येत नाही.

चाचणी झालेलीच नसेल तर

देशात सगळीकडे टीएमटी लगेच होते असे नाही. अशा वेळी केंद्रे सुरुवातीला विश्रांतीच्या गतीत २० ते ३० ठोके मिळवून मर्यादा ठेवतात. आपल्या रुग्णासाठी ती ८२ ते ९२ येईल. सोबत बोर्ग यांची श्रममापनाची पट्टी वापरतात. ६ ते २० पर्यंतच्या या पट्टीवर रुग्ण स्वतः सांगतो की श्रम किती वाटतात. ११ म्हणजे हलके, १३ म्हणजे जरासे जड. या दोन आकड्यांच्या दरम्यान राहायचे.

या पट्टीतही निरोगी माणसाचा एक ठसा आहे. स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांनी ती अशी आखली की आकड्याला १० ने गुणले की साधारण हृदयगती मिळावी. १३ वाटले तर ठोके १३० च्या आसपास. बीटा-ब्लॉकरवर हे गणित मोडते. १३ वाटत असताना ठोके ९८ असू शकतात. पण 'किती जड वाटते' ही भावना गोळीने तेवढी बदलत नाही, म्हणून पट्टी उपयोगी राहते. फक्त १० ने गुणायचे नाही. अर्थात मुकी तूट पट्टीलाही दिसत नाही, त्यामुळे ती चाचणीची जागा घेऊ शकत नाही. चाचणी होईपर्यंत ती सांभाळून नेते, एवढेच.

मग मर्यादा जितकी खाली तितकी बरी का?

नाही. टीकेचा हा दुसरा भाग विसरता कामा नये. भीतीपोटी याच रुग्णाला ८० वर अडकवून ठेवले, तर विश्रांतीच्या ६२ पासून तो जेमतेम हलतो आणि त्याची क्षमता वाढायला पुरेसा भार मिळत नाही. ४० टक्क्यांचे खालचे टोक ६२ + २५ = ८७ आहे. म्हणजे त्याच्या कामाचा पट्टा ८७ ते १०४. पट्टा अरुंद आहे, पण पुरेसा आहे.

प्रगतीही याच पट्ट्यात दिसते. सुरुवातीला ताशी ४ किलोमीटर वेगाने सपाट चालताना ठोके १०० होत असतील आणि काही आठवड्यांनी त्याच १०० ठोक्यांत तो ४.८ किलोमीटर चालत असेल, तर मर्यादा तीच राहूनही माणूस सुधारला. स्नायू रक्तातला ऑक्सिजन अधिक चांगला वापरू लागले, म्हणून तेवढ्याच चालण्यासाठी हृदयाला कमी धावावे लागते. ११४ ची रेषा जिथल्या तिथे आहे. पण रोजचा जिना आणि बाजारहाट आता तिच्यापासून दूर सरकले आहेत. पुढची चाचणी ठरलेल्या वेळी होईल आणि तिच्यातून मिळणारा आकडा कार्डावरच्या जुन्या आकड्याची जागा घेईल.

तेव्हा मुलाच्या प्रश्नाचे उत्तर असे देता येईल. मोबाइलवरचे १६२ हे वजाबाकी म्हणून बरोबर आहे. ते या वयाच्या निरोगी माणसांच्या गटाबद्दल काही सांगते. १०४ त्याच्या वडिलांबद्दल सांगते : या गोळीवर, या धमन्यांसह, त्या दिवशीच्या आलेखावर. कार्डावरच्या आकड्याबद्दल शंका असेल तर वय विचारण्यात अर्थ नाही. विचारायचे ते तीन प्रश्न : चाचणी गोळी घेऊन केली होती का, आलेख कोणत्या ठोक्यांना बिघडला, आणि त्यानंतर औषध बदलले आहे का?